विषय: डेटा विश्लेषक पदाची मुलाखत – मनःपूर्वक आभार

आदरणीय मॅडम,

डेटा विश्लेषक पदासाठी माझी निवड झाली नसल्याचा आपला ईमेल काल मिळाला. ही नोकरी मला मनापासून हवी होती, त्यामुळे वाईट वाटले. तरीही निर्णय वेळेवर आणि स्वतः कळवल्याबद्दल मी आपली आभारी आहे.

मुलाखतीतील एक प्रसंग विशेष लक्षात राहिला. माल पोहोचण्यास लागणाऱ्या दिवसांची मी सरासरी काढली, तेव्हा फार उशिरा पोहोचलेल्या मोजक्या ऑर्डरींमुळे ती फुगते आणि अशा ठिकाणी मध्यक अधिक खरे चित्र देतो, हे आपण थेट न सांगता एकेक प्रश्न विचारत माझ्याकडूनच काढून घेतलेत. आता सरासरी काढण्यापूर्वी आकडे कसे विखुरले आहेत, ते मी आधी पाहते.

आपण सुचवल्याप्रमाणे एसक्यूएलमधील विंडो फंक्शन्सचा सराव सुरू केला आहे. आपली हरकत नसेल, तर तीन-चार महिन्यांनी त्यातून केलेले एखादे काम आपल्याला पाठवीन. उत्तराची घाई अजिबात नाही. पुढे आपल्या विभागात योग्य जागा निघाल्यास माझा विचार व्हावा, ही विनंती.

मुलाखतीस उपस्थित असलेल्या आपल्या सहकाऱ्यांनाही माझे धन्यवाद कळवावेत.

आपली नम्र,
मुग्धा