क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे फास्ट लोकल नव्हे

नमस्कार! बाई, सर आणि विज्ञान मंडळाच्या मुलामुलींनो,

शनिवारी शाळा सुटल्यावर वडापावच्या गाडीकडे न पळता तुम्ही इथे बसलात, म्हणून आधी तुमचे आभार. मी याच शाळेची. या प्रयोगशाळेतला तो कोपऱ्यातला नळ माझ्या वेळीही असाच ठिबकायचा.

बाईंनी तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या मला आधीच पाठवल्या होत्या. त्यातली एक मी जपून ठेवली आहे. "क्वांटम कॉम्प्युटर आला की गेम हँग व्हायचा थांबेल का?" नाव लिहिलेलं नाही, पण मागच्या बाकावर कोण हसतंय ते मला दिसतंय. उत्तर सांगून टाकते: नाही थांबणार. का नाही, एवढंच आज बोलायचं आहे.

दादरहून ठाण्याला स्लो लोकलने जा, नाहीतर फास्टने. फास्ट मधली स्टेशनं गाळते, पण धावते रुळांवरच. तुमच्या घरी नवा लॅपटॉप येतो ती ही फास्ट लोकल. आता गेटवेहून मांडव्याला जायचंय. रस्त्याने गेलात तर पनवेल, पेण असा भलामोठा वळसा. लाँचने तासाभरात पोहोचता. मग लाँच एसटीपेक्षा वेगात पळते का? छे! ती डुलत डुलतच जाते. तिला फक्त पाण्यातली वाट मोकळी आहे. आणि हीच लाँच दादरहून ठाण्याला न्यायची म्हटलीत, तर ट्रकवर चढवावी लागेल!

क्वांटम कॉम्प्युटर ही लाँच आहे. एकेक पायरी मोजली तर तो हळूच चालतो. साध्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला तीनेक अब्ज ठोके देतं. क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटला क्यूबिट म्हणतात. अतिवाहक क्यूबिटवर, म्हणजे अतिथंड धातूच्या सर्किटमधल्या क्यूबिटवर, एक क्रिया करायला तीसेक नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात लॅपटॉपचे शंभरेक ठोके पडून गेलेले असतात. त्यात हे क्यूबिट भलते नाजूक. निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवूनही चुका करतात. तुमच्या गेमला हवे असतात एकाच छापाचे साधे गुणाकार-बेरजा, तेही अब्जावधी. त्यासाठी लाँच कशाला?

मग याची वाट कुठली? इथे बहुतेक व्हिडिओंत एक वाक्य येतं: "क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो." त्यावर तुम्ही काट मारावी अशी माझी इच्छा आहे. तीन आकडी कुलपाचा नंबर विसरलात असं समजा. १००० शक्यता. क्यूबिट या सगळ्या शक्यतांच्या मिश्रणात ठेवता येतात, त्याला अध्यारोपण म्हणतात, इथवर ठीक. पण वाचायला गेलात की एकच नंबर हाती येतो, आणि तोही कुठलाही. १००० चिठ्ठ्यांतून डोळे मिटून एक उचलल्यासारखा. एवढंच करायचं असेल तर घरचा डबा आणि चिठ्ठ्या पुरेत.

खरी गंमत वजाबाकीत आहे. चला, करूनच बघू. पहिल्या बाकावरचे चौघे पुढे या. एकेक कार्ड घ्या आणि सगळ्यांना दिसेल असं धरा. चौघांच्याही कार्डावर १/२ लिहिलंय. या आकड्याला आयाम म्हणतात. आयामाचा वर्ग केला की ते उत्तर मिळण्याची संभाव्यता येते. १/२ चा वर्ग १/४. चौघांची बेरीज १. म्हणजे आत्ता वाचलं तर कोणीही येईल, चारातला एक.

यांच्यापैकी तिसऱ्याच्या खिशात खडू आहे. आपल्याला तो शोधायचाय. खडू कुणाकडे हे यंत्राला माहीत नाही, पण त्याला खिसा तपासता येतो. सुडोकूसारखं आहे हे. सोडवायला संध्याकाळ जाते, सुटलेलं बरोबर आहे का ते मिनिटात कळतं. ही तपासणी आपण अध्यारोपणातल्या चौघांवर एकदाच चालवायची. तिचं काम इतकंच: ज्याच्याकडे खडू, त्याच्या आयामाचं चिन्ह उलटं. तिसऱ्या, तुझं कार्ड फिरव. उणे १/२. आता वाचलं तर काय होईल? काहीच बदललेलं नाही! उणे १/२ चा वर्गही १/४ च. तपासणी झाली, पण उत्तर अजून लपलेलंच आहे.

दुसरी पायरी. चौघांची सरासरी काढा. १/२, १/२, १/२ आणि उणे १/२. बेरीज १, भागिले ४, सरासरी १/४. आता प्रत्येकाने या सरासरीच्या पलीकडे तितक्याच अंतरावर उडी मारायची. १/२ वाले सरासरीच्या १/४ वर आहेत, ते १/४ खाली येतील, म्हणजे शून्यावर. आणि तिसरा? तो सरासरीच्या ३/४ खाली होता, आता ३/४ वर जाणार. १/४ अधिक ३/४, बरोबर १! बाकी तिघांची कार्डं शून्य. वाचलं की खडूवालाच येणार, खात्रीने. एका तपासणीत. एकेक करून खिसे तपासले असते, तर नशीब वाईट असल्यास तीन लागल्या असत्या.

नुसतं सगळ्यांना एकदम विचारून उत्तर मिळालं नाही. चुकीच्या उत्तरांचे आयाम एकमेकांत मिसळून मिटले, बरोबर उत्तराचा वाढला. तलावात दोन लाटा भेटतात, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की पाणी सपाट होतं, तसंच. याला व्यतिकरण म्हणतात. क्यूबिट समजावताना हवेत फिरणाऱ्या नाण्याचं उदाहरण देतात ना, ते मला याचसाठी आवडत नाही. फिरत्या नाण्यात उणे काही नसतं.

चौघांनो, थांबा, जाऊ नका. आणखी एक फेरी करू. तिसऱ्या, चिन्ह उलट, उणे १. सरासरी उणे १/४. पलीकडे उडी मारा. बाकी तिघे शून्यावरून उणे १/२ वर. तिसरा उणे १ वरून १/२ वर. आता वर्ग करा. पुन्हा सगळ्यांचा १/४! जास्त मेहनत केली आणि हातातलं उत्तर गेलं. आता सांगा, नुसत्या वेगवान यंत्राला असं होईल का? लॅपटॉपवर शोध जितका वेळ चालेल, तितकं उत्तर जवळ येतं. इथे नेमकं कधी थांबायचं ते आधी गणिताने काढावं लागतं. टाळ्या वाजवा यांच्यासाठी. खडू परत द्या हं.

ही पद्धत लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडली. ते भारतात जन्मलेले, आयआयटी दिल्लीत शिकलेले. १० लाख खिसे असतील तर साध्या पद्धतीने सरासरी ५ लाख तपासण्या, ग्रोव्हरच्या पद्धतीने सुमारे ७८५. फरक मोठा आहे, पण ७८५ म्हणजे एक नव्हे. सगळं खरंच "एकदम" तपासलं जात असतं, तर एकीत काम झालं असतं. आणि यापेक्षा फार कमी तपासण्यांत ते होऊच शकत नाही, हे १९९७ च्या शोधनिबंधात सिद्ध करून छापलंय. कितीही भारी क्वांटम कॉम्प्युटर बांधा, त्या भिंतीला धक्का नाही.

मग याहून मोठी झेप कुठे मिळते? जिथे प्रश्नाच्या पोटात एखादी लय दडलेली असते तिथे. फळ्याकडे बघा. २ चे घात घ्या, प्रत्येकाला १५ ने भागा आणि बाकी लिहा. १, २, ४, ८, मग १६ ची बाकी १, ३२ ची २, पुढे ४, ८. दर चार ठोक्यांनी तेच बोल, आपल्या लेझीमसारखं. आवर्तन ४. त्याचं अर्धं २. २ चा दुसरा घात ४. त्यातून १ वजा करा, ३. त्यात १ मिळवा, ५. आणि १५ चे अवयव कोणते? ३ आणि ५!

१५ साठी हे हसण्यावारी गेलं तरी चालेल. पण बँकेच्या व्यवहारांना कुलूप लावताना वापरतात ती संख्या ६१७ अंकी असू शकते. तिचे अवयव सापडले की कुलूप उघडतं, पण त्यासाठी लागणारं आवर्तन शोधायला साध्या कॉम्प्युटरकडे चांगली युक्ती नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की क्वांटम कॉम्प्युटरला ते जमेल. तो सगळ्या बाक्यांची यादी तुम्हाला देणार नाही. यादी मागितलीत तर एकच बाकी पुढे करेल. पण "लय किती ठोक्यांची?" एवढाच प्रश्न विचारलात, तर न जुळणारी आवर्तनं व्यतिकरणाने मिटतात, जुळणारी उरतात. आपल्याला हवं तेवढं एकच उत्तर तो देतो, आणि आपलं काम तेवढ्यावर भागतं. असे प्रश्न सापडणं फार अवघड आहे. कित्येक प्रश्नांसाठी अशी युक्ती माहीतच नाही.

दुसरी जागा रेणूंची. १९८१ मधल्या एका भाषणात रिचर्ड फाइनमन यांनी म्हटलं होतं की निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही तसंच हवं. इलेक्ट्रॉन वाढले की त्यांच्या स्थितींचा हिशेब दुपटीने फुगत जातो. ३०० क्यूबिटचे सगळे आयाम कागदावर मांडायचे म्हटलं, तर दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंहून जास्त आकडे लागतील.

एका बातमीबद्दल बोलते, कारण चिठ्ठीत ती होती. २०१९ मध्ये गुगलने ५३ क्यूबिटच्या यंत्रावर एक काम २०० सेकंदांत केलं आणि महासंगणकाला त्यासाठी १०,००० वर्षं लागतील असं म्हटलं. आयबीएमने लगेच उत्तर दिलं की नीट केलं तर अडीच दिवस पुरतील. काम कुठलं होतं, तर विशिष्ट तऱ्हेने विखुरलेले यादृच्छिक आकडे काढणं. यंत्राची परीक्षा म्हणून छान, पण त्या आकड्यांनी कुणाचा गृहपाठ होत नाही. हेडलाइन वाचली की "कुठलं काम?" असं आधी विचारा.

आणि हे सगळं परदेशातच चाललंय असं नाही. इथून बसने जाता येईल अशा कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत अतिवाहक क्यूबिटवर काम चालतं. तिथले संशोधक आणि डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा यांनी मिळून केलेल्या ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. सहाच? हो, सहाच. हसू नका, सहाही क्यूबिट एका सुरात ठेवणं सोपं नसतं.

आता प्रश्न विचारा. त्याआधी एक खेळ सांगून ठेवते, पुढच्या शनिवारी करा. चारऐवजी आठ जण उभे करा. प्रत्येकाच्या कार्डावर १ लिहा, आणि संभाव्यता काढताना वर्गाला ८ ने भागा. खडू कुणाच्याही खिशात. चिन्ह उलटा, सरासरी काढा, उडी मारा. कितव्या फेरीनंतर वाचायचं ते तुम्ही ठरवा. तिसरी फेरी मात्र केल्याशिवाय सोडू नका, आणि आकडे फळ्यावर राहू द्या. बाई मला फोटो पाठवतील.