संत्रा बर्फीची २४ सेकंदांची क्लिप: रंगांची सूचना

कॅमेरा आणि एडिट, दोघांसाठीही. भाऊ, शूटच्या आदल्या रात्री हे एकदा पूर्ण वाचून घ्या, कारण निम्मी कामं कॅमेऱ्यातच व्हायची आहेत. नंतर ग्रेडिंगमध्ये ती निस्तरता येत नाहीत.

मागच्या दोन क्लिप आठवा. मी फोनवर नुसतं ‘नारिंगी ठेवा’ म्हटलं होतं. दिवाळीची क्लिप शेंदरी झाली, संक्रांतीची हळदीकडे गेली. दोन्ही दिसायला छान होत्या, पण बर्फीवाल्या काकू म्हणाल्या, ‘हा आपला डब्बा नाही.’ खरंच नव्हता. केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी हे आपल्या भाषेत चार वेगळे रंग आहेत आणि प्रत्येकाच्या डोळ्यात आणखी वेगळे. म्हणून यावेळी प्रत्येक रंगाला नाव आणि त्याचा आकडा देतोय. आपसात बोलताना हीच नावं वापरायची.

```
संत्रा       #F28C1B
खवा         #FBF3E4
काळी माती   #2B211C
पान         #2F4A2B
```

‘संत्रा’ म्हणजे छापील डब्ब्याचा रंग. झाडावरच्या फळाचा नव्हे, बर्फीचाही नव्हे. आपलं संत्रं देठाजवळ हिरवट असतं, सालीवर डाग असतात, ते तसंच दिसू द्या. खव्यात रस आटवल्यावर बर्फी फिकट पिवळसर होते, तिलाही डब्ब्याच्या रंगावर ओढून नेऊ नका. बर्फी डब्ब्याइतकी गडद दिसली की बघणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो: रंग टाकलाय. काकूंचा धंदा बसायला एवढं पुरेसं आहे.

पूर्ण क्लिपमध्ये ‘संत्रा’ फक्त दोन ठिकाणी येईल: डब्ब्यावर आणि शेवटच्या कार्डावरच्या चिन्हात. अॅप्रन, टेबलक्लॉथ, मागची भिंत, अक्षरं, ट्रान्झिशन, कुठेही नाही. डब्बा १७व्या सेकंदाला येतो. तोपर्यंत तो रंग डोळ्यांनी पाहिलेलाच नसला पाहिजे, म्हणजे डब्बा सांगावा लागत नाही.

आता अक्षरं. ‘संत्रा’वर पांढरी अक्षरं छान दिसतात असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं. मोजलं तर ‘संत्रा’वर ‘खवा’चा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.२:१ भरतो आणि शुद्ध पांढरा घेतला तरी २.५:१. वाचण्याजोग्या मजकुराला ४.५:१ लागतो, मोठ्या ठळक अक्षरांना किमान ३:१. म्हणजे दोन्ही नापास. ‘संत्रा’वर लिहायचंच झालं तर ‘काळी माती’, ६.४:१. ‘खवा’वर ‘काळी माती’ १४:१, डोळे झाकून वापरा. ‘पान’वर ‘खवा’ ८.९:१, हेही उत्तम. ‘पान’वर ‘संत्रा’ ४:१ आहे, तो फक्त चिन्हासाठी, लहान अक्षरांसाठी कधीच नाही. ‘पान’ आणि ‘काळी माती’ एकमेकांवर ठेवू नका, १.६:१ म्हणजे अंधारात कोळसा.

आकडे बघायला वेळ नसेल तर फ्रेमचं सॅच्युरेशन शून्यावर आणा. काळ्या-पांढऱ्यातही अक्षर वाचता आलं तर पास. व्हिडिओ दाबला जातो तेव्हा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आधी कमी होते. व्हॉट्सअॅपवरून तीन जणांकडून फिरून आलेल्या क्लिपमध्ये अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी जातात. त्यासाठी बोल्ड वजनाचा देवनागरी फॉन्ट घ्या, बारीक वळणाचा नको. अक्षरांना काळी बॉर्डर किंवा सावली नको. मागचं चित्र गजबजलेलं असेल तर अक्षरांखाली ‘काळी माती’ची सलग पट्टी द्या.

०–४ सेकंद, काटोलकडची बाग. डिसेंबर आहे, आंबिया बहाराची तोड चालू असेल. सकाळी नऊच्या आत घ्या, नंतर पानं उन्हानं पांढरी पडतात. सावल्या ‘पान’कडे झुकलेल्या, खालची जमीन ‘काळी माती’. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्व्हिनवर लॉक, ऑटो बंद. फोनवरून काही घेणार असाल तर एचडीआरही बंद.

४–८, संत्रं सोलणारे हात. मागे ‘खवा’ रंगाचं सुती कापड.

८–१३, कढई. हा सगळ्यात नाजूक शॉट आहे. माणसाच्या त्वचेचा रंग स्कोपवर संत्र्याच्या अगदी शेजारी बसतो. क्लिपभर ऑरेंजचं सॅच्युरेशन वाढवलं की काकूंचे हात शेंदूर फासल्यासारखे दिसतात (दिवाळीला तेच झालं होतं). हात आधी जमवा, मग बाकीचं. स्वयंपाकघरात एक पिवळा बल्ब आणि एक पांढरी ट्यूब आहे, ट्यूब बंद करा आणि बल्बच्या उजेडात ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स नव्याने लावा. वाफ ‘खवा’पेक्षा उजळ होऊ देऊ नका, तिच्यात पोत राहू द्या.

१३–१७, थापलेल्या बर्फीचे काप. गडद पाट, बर्फी उजळ. इथे अक्षरं येतात, ‘बर्फी आजचीच’, ‘काळी माती’च्या पट्टीवर ‘खवा’त.

१७–२१, सीताबर्डीचं दुकान, काउंटरवर डब्बा. मागे रस्त्यावर लाल-पिवळे फ्लेक्स असणारच, ते फोकसबाहेर ठेवा आणि एडिटमध्ये त्यांचं सॅच्युरेशन निम्म्यावर आणा. डब्ब्यावर मास्क टाकून तेवढाच भाग #F28C1B वर जुळवा. आयड्रॉपर चमकणाऱ्या कडेवर नाही, समोरच्या सपाट बाजूवर लावा.

२१–२४, शेवटचं कार्ड. पूर्ण पार्श्वभूमी ‘पान’, मधोमध चिन्ह ‘संत्रा’त, खाली पत्ता ‘खवा’त. एक गोष्ट निक्षून सांगतो: वर संत्रा, मध्ये खवा, खाली पान अशा आडव्या पट्ट्या करू नका. तिरंगा होतो आणि मिठाईच्या जाहिरातीला तिरंगा नको. तसंच ‘संत्रा’ लालसर होऊन भगव्याकडे सरकला तर क्लिप निवडणुकीच्या प्रचारासारखी वाटेल. शंका आली तर थोडा पिवळ्याकडे चुकलेला चालेल, लालकडे चुकलेला नाही.

वेगळा एलयूटी लावू नका. सावल्यांत निळा-टील भरायची सध्या सगळ्यांना हौस आहे. आपल्या यादीत निळा नाही.

फाइल रेक ७०९ मध्ये, उभी १०८० बाय १९२०. रंग टाइमलाइनमध्ये नाही, रेंडर झालेल्या फाइलमधून तपासा. फोनवर बघताना नाइट मोड बंद, ब्राइटनेस मध्यावर, आणि एकदा दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात उभं राहून बघा. पहिला कट मला आणि काकूंना एकाच वेळी पाठवा. डब्ब्याच्या रंगाबद्दल शेवटचा शब्द काकूंचा, त्या खरा डब्बा फोनशेजारी धरून बघणार आहेत.