धडा ४ : घरच्या सोयाबीनची उगवण गोणपाटावर तपासा

स्क्रीन १ : आज काय शिकायचं

नमस्कार कास्तकार भावांनो आणि बायांनो. हा धडा झाला की तुम्हाले शंभर दाण्याची चाचणी घरीच लावता आली पाहिजे, चांगला कोंब कोणता अन् बाद कोणता हे ओळखता आलं पाहिजे आणि एकरी किती बियाणं लागते ते काढता आलं पाहिजे.

मी ही चाचणी न करता एकदा पेरलं होतं, घरचंच बियाणं, दिसायले टकटकीत, अन् आठ दिवसांनी तासात निस्ती माती दिसत होती. दुबार पेरणी काय असते ते तुम्हाले सांगायची गरज नाही, म्हणून हा धडा मनापासून बनवला.

स्क्रीन २ : चाचणी लावा

सोयाबीनचं साल लय पातळ असते, कट्टा आपटला तरी आतला अंकुर दुखावते, अन् वरून ते कळतही नाही. म्हणून प्रत्येक कट्ट्यात पार खालपर्यंत हात घाला, मूठ मूठ काढा, एकत्र करा आणि त्यातले १०० दाणे न निवडता मोजा. चांगले चांगले वेचले तर चाचणी वाया गेली समजा.

गोणपाट धुवा, भिजवा, पिळून घ्या, ओल पाहिजे पण पाणी टपकलं नाही पाहिजे, जास्त पाण्यानं दाणा सडते. दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. ५ ते ७ दिवसांनी उघडा.

स्क्रीन ३ : हिशोब करून पाहू

समजा सहाव्या दिवशी ७३ दाण्याले कोंब दिसले. आता एकेक हातात घेऊन पाहा. ५ ची मुळी तुटकी, ४ च्या डाळी सडून बुळबुळीत, हे ९ बाद. उरले ६४, म्हणजे उगवण ६४ टक्के.

७० टक्के उगवणीले एकरी ३० किलो बियाणं धरतात. मंग,

७० × ३० ÷ ६४ = ३२.८

म्हणजे एकरी ३३ किलो, तीन एकर वावर असंल तं ९९ किलो. ६० च्या खाली आलं तर ते बियाणं पेरूच नका, दुसरं पाहा.

स्क्रीन ४ : उजळणी

- दाणे न निवडता, सगळ्या कट्ट्यातून
- गोणपाट ओलं, चिंब नाही
- मुळी अन् डाळी दोन्ही धड असतील तोच कोंब मोजायचा
- ७० किंवा वर : ३० किलो. ६० ते ६९ : वरचा हिशोब

पेरताना ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ देऊ नका, अन् ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका.

स्क्रीन ५ : आता तुम्ही सांगा

१) १०० पैकी ७८ दाण्याले कोंब आले, त्यातल्या ११ ची मुळी तुटकी आहे. उगवण किती धराल?
अ) ७८ ब) ६७ क) ८९

२) उगवण ६२ टक्के, वावर दोन एकर. एकूण बियाणं अंदाजे किती?
अ) ६० किलो ब) ६८ किलो क) ७५ किलो

वहीत हिशोब मांडा, मंगच उत्तरावर टच करा.