पोटॅशियमच्या रिपोर्टबाबत खुलासा मिळण्याविषयी

दि. 16 जुलै 2025
सांगली

प्रति,
मुख्य पॅथॉलॉजिस्ट

विषय : श्री. दत्तात्रय देशमाने (वय 71) यांचा 14 जुलैचा रक्त तपासणी अहवाल

महोदय,

माझ्या वडिलांचं रक्त तुमच्या माणसाने 14 तारखेला सकाळी घरी येऊन नेलं. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. त्यात पोटॅशियम 7.9, कॅल्शियम 5.1 आणि अल्कलाइन फॉस्फटेज 14 आहे. तुमच्याच लॅबच्या एप्रिलच्या रिपोर्टमध्ये हेच आकडे अनुक्रमे 4.4, 9.2 आणि 82 होते. क्रिएटिनिन आणि सोडियम मात्र एप्रिलइतकेच आहेत. बाबांना कसलाही त्रास नव्हता. संध्याकाळी ते नेहमीसारखे फिरून आले होते.

आमच्या डॉक्टरांनी फोनवर आकडे ऐकून लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं, कारण एवढ्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. ईसीजी नॉर्मल आला. तिथे पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम 4.5 आणि कॅल्शियम 9.1 निघालं. बाबा रात्रभर तिथे मॉनिटरवर होते आणि आई बाहेर बाकावर बसून होती.

डॉक्टरांच्या मते पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज एकदम खाली, हे तिन्ही एकत्र दिसलं की जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए दुसऱ्या ट्यूबमध्ये गेल्याचा संशय घ्यावा. त्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचाच क्षार असतो आणि तो कॅल्शियम बांधून ठेवतो. मी त्या वेळी समोरच उभी होते. शीर नीट सापडत नव्हती, दोनदा टोचावं लागलं. आधी जांभळी ट्यूब भरली, मग पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळीचं टोपण काढून तिच्यातलं थोडं तिकडे ओतलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला सर्वात जास्त खटकलं ते वेगळंच. आकडा खरा वाटला असेल, तर असा जीवघेणा निकाल फोन न करता पीडीएफने का पाठवला? खरा वाटला नसेल, तर जुन्या रिपोर्टशी ताडून, पुन्हा नमुना मागवून मग का दिला नाही? दोन्हीकडून बघितलं तरी त्यावर सही कशी झाली, हे मला कळत नाही.

तो नमुना अजून ठेवलेला असेल तर कृपया टाकून देऊ नका, तपासा आणि काय निघालं ते लेखी कळवा. चूक तुमच्याकडची असेल तर हा रिपोर्ट रद्द करून तशी नोंद करा. बाबा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात, त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. उद्या दुसऱ्या डॉक्टरांनी हा 7.9 पाहून गोळी बंद केली तर? पैसे परत मिळावेत हे ओघाने आलंच, पण रक्त घेणाऱ्या मुलाला नुसतं रागावून विषय संपवू नका. त्याला नीट शिकवा.

आठवडाभरात उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
स्वाती देशमाने

सोबत : एप्रिल व 14 जुलैचे आपले रिपोर्ट, दवाखान्यातील रिपोर्ट व ईसीजीची प्रत