विषय: ऑफर लेटरमधील पगाराच्या आकड्याबाबत खुलासा मिळणेबाबत (पद : क्यू.सी. केमिस्ट, जळगाव प्लांट)

प्रति,
मा. महाजन सर, मनुष्यबळ विभाग
प्रत : मा. चौधरी सर, प्लांट मॅनेजर

दि. २० जानेवारी २०२६

सप्रेम नमस्कार सर,

काल, १९ तारखेला, आपण मेलवर पाठवलेले ऑफर लेटर मिळाले. निवड केल्याबद्दल आपले आणि चौधरी सरांचे मनापासून आभार. घरीही सगळ्यांना आनंद झाला आहे. वडिलांनी तर पत्र वाचायच्या आधीच जळगावात खोली कुठे बघायची ते ठरवून टाकले.

पत्र सावकाश वाचले तेव्हा पगाराचा आकडा आपल्या बोलण्याशी जुळत नाही असे वाटले. सही करण्याआधी विचारलेले बरे, म्हणून लिहिते आहे. माझ्या समजण्यात चूक असेल तर कृपया सांगावे.

शनिवारी, १० जानेवारीला, मुलाखतीच्या शेवटी चौधरी सरांनी मला आत्ताचा पगार विचारला होता. धुळ्याच्या तेल मिलमध्ये सगळे कापून हातात २१,५०० रुपये पडतात, असे मी सांगितले. त्यावर सर म्हणाले, "आपल्याकडे हातात अठ्ठावीस पडतील, पीएफ वेगळा." आपणही तेव्हा तिथेच होतात. त्यानंतर माझे गाव निघाले, पारोळा म्हटल्यावर बोलणे अहिराणीवर गेले, आणि पगाराचा विषय तिथेच राहिला. १४ तारखेला आपला फोन आला तेव्हा मी पुन्हा विचारले होते. "अठ्ठावीसच, जे ठरलं तेच," असे आपण म्हणालात.

पत्रात २८,००० हा आकडा आहेच, पण तो दरमहा सीटीसी म्हणून, वर्षाचे ३,३६,००० रुपये. जोडलेल्या तक्त्याप्रमाणे त्यात मूळ वेतन १४,०००, घरभाडे भत्ता ५,६०० आणि विशेष भत्ता ४,८८१ आहे, म्हणजे एकूण २४,४८१. उरलेल्या ३,५१९ रुपयांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,६८०, ग्रॅच्युइटी ६७३ आणि बोनस १,१६६ धरला आहे. मग २४,४८१ मधून माझ्या वाट्याचा पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० वजा करून हातात येणारी रक्कम २२,६०१ रुपये छापली आहे.

ठरलेल्या रकमेपेक्षा हे महिन्याला ५,३९९ रुपयांनी कमी होते. वर्षाचे ६४,७८८. बोनस दिवाळीला मिळेल, तो १३,९९२ रुपये वजा केला तरी वर्षाला ५०,७९६ रुपयांचा फरक उरतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी हे माझेच पैसे आहेत हे मला कळते, त्यांना मी तोटा म्हणत नाही. पण ग्रॅच्युइटी महिन्याच्या खर्चाला येत नाही, आणि कंपनीचा पीएफ २८ च्या आत असेल असे मी धरले नव्हते, कारण "पीएफ वेगळा" हे शब्द मला नीट आठवतात.

यात कोणी मुद्दाम काही केले असे मला अजिबात वाटत नाही. आमच्या लॅबमध्ये तेलाची ॲसिड व्हॅल्यू आणि फ्री फॅटी ॲसिड एकाच टायट्रेशनमधून निघतात, पण पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट येतो. रिपोर्टवर कोणता लिहिलाय ते सांगितले नाही, तर पार्टी आणि मिल दोघेही खरे बोलत असतात आणि तरी वाद होतो. इथेही चौधरी सर हातातल्या पगाराबद्दल बोलले आणि कागदावर २८ हा आकडा सीटीसीच्या रकान्यात गेला, असे झाले असावे. मी सांगितलेले २१,५०० हातात पडणारे होते, त्यामुळे उत्तरातले २८ ही त्याच मापाचे समजले.

माझी अडचणही स्पष्ट सांगते. सध्या मी पारोळ्याहून एसटीने येऊन-जाऊन धुळ्याची नोकरी करते. महिलांना अर्धे तिकीट असल्याने प्रवास परवडतो, राहणे-जेवण घरचेच. आपल्याकडे तीन पाळ्या आहेत, रात्रीची पाळी करून रोज पारोळा गाठणे शक्य नाही. जळगावात खोली आणि डबा लावावाच लागेल. छापलेल्या रकमेत मला आत्तापेक्षा १,१०१ रुपये जास्त मिळतील, तेवढ्यात डबासुद्धा भागणार नाही. पाईपच्या लॅबमधले काम शिकायची मला खरोखर इच्छा आहे, आणि केवळ पैशासाठी मी येत नाही. पण घरातून दर महिन्याला भर घालून नोकरी करणे मला जमणार नाही.

तेव्हा विनंती अशी, की आपण चौधरी सरांशी एकदा बोलून घ्यावे आणि ठरल्याप्रमाणे हातात २८,००० पडतील असे सुधारित पत्र द्यावे. मी सोपा हिशेब करून पाहिला. मूळ वेतन १४,०००च ठेवले तर त्यासाठी एकूण वेतन २९,८८० लागते आणि सीटीसी महिन्याला ३३,३९९ होते. भत्त्यांची रचना कंपनीच्या नियमाप्रमाणे कशीही ठेवली तरी माझी हरकत नाही. कंपनीच्या चौकटीत हा आकडा बसत नसेल, तर जास्तीत जास्त किती देता येईल ते लेखी कळवावे, म्हणजे घरी बसून विचार करता येईल. फोनवर बोलायलाही मी तयार आहे, मात्र जे ठरेल ते पत्रात यावे एवढेच.

तक्त्यात आणखी एक बारीक गोष्ट दिसली. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर लागत नाही. २४,४८१ पगारावर माझे २०० रुपये कापलेले दिसतात, ते बहुधा जुन्या तक्त्यामुळे असावे. पगार ठरल्याप्रमाणे झाला तर अर्थात हे २०० लागतीलच, आणि ते मी आनंदाने भरीन.

तसेच सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर पगारवाढीचा विचार होईल असे सर बोलले होते. पत्रात प्रोबेशन आहे, पण वाढीचा उल्लेख नाही. एखादी ओळ घालता आली तर बरे होईल.

सही केलेली प्रत २४ जानेवारीपर्यंत पाठवायची आहे. शुक्रवारपर्यंत आपले उत्तर आले तर त्या मुदतीत मी नक्की कळवते. वेळ लागणार असेल तर मुदत २८ तारखेपर्यंत वाढवून द्यावी. सध्याच्या ठिकाणी मला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, म्हणून ३१ जानेवारीच्या आत राजीनामा दिला तरच २ मार्चला, सोमवारी, रुजू होता येईल. सुधारित पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देणे मला धाडसाचे वाटते, हे आपण समजून घ्याल.

विद्यापीठाचे एम.एस्सी.चे पदवी प्रमाणपत्र आपण मागितले होते, त्याची स्कॅन प्रत सोबत जोडली आहे. दुपारी १ ते २ जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी ७ नंतर मी फोनवर मोकळी असते. मिलमध्ये असताना फोन उचलता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

आपली विश्वासू,
वैशाली पाटील
पारोळा, जि. जळगाव

सोबत : १) १९ जानेवारीच्या ऑफर लेटरची प्रत, पगाराच्या तक्त्यावर खुणा करून २) एम.एस्सी. पदवी प्रमाणपत्र