तिकडी: ‘पेशी’ प्रकरणाच्या उजळणीचा पत्त्यांचा खेळ

खेळाडू चार, वेळ जास्तीत जास्त 30 मिनिटं.

पत्ते

संज्ञा दहा: प्रद्रव्यपटल, पेशीभित्तिका, केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम, गॉल्गी संकुल, लयकारिका, तंतुकणिका, रिक्तिका, हरितलवक. प्रत्येकीचे तीन पत्ते: नाव, काम आणि खूण. एकूण 30. काम आणि खुणेच्या पत्त्यावर संज्ञेचं नाव अजिबात येऊ द्यायचं नाही.

लयकारिकेची तिकडी अशी:
- नाव: लयकारिका
- काम: पेशीतले निकामी भाग पचवणे
- खूण: पाचक विकरांनी भरलेली, एकपदरी पटलाची पिशवी

खूण लिहितानाच खरी मेहनत आहे. ती दहांपैकी एकालाच लागू पडली पाहिजे. नुसतं ‘दुहेरी पटल’ लिहिलंत तर केंद्रक, तंतुकणिका आणि हरितलवक तिघंही दावा सांगतील. तंतुकणिकेसाठी ‘आतल्या पटलाला घड्या’ लिहा, हरितलवकासाठी ‘आत हरितद्रव्य असतं’. पेशीभित्तिकेला ‘वनस्पतीत सेल्युलोजची, प्राणिपेशीत नाही’ हे पुरेसं आहे. सगळ्या जोड्या पुस्तकावरून तपासून एका कागदावर लिहा आणि कागद पाकिटात बंद करा.

डाव

प्रत्येकाला पाच पत्ते. उरलेल्या दहांचा गठ्ठा मध्ये पालथा.

आपल्या पाळीला कोणा एकाला नेमका पत्ता मागायचा: “तुझ्याकडे रायबोझोमचं काम आहे का?” त्या संज्ञेचा निदान एक पत्ता आपल्या हातात हवा. पत्ता मिळाला तर पुन्हा आपलीच पाळी. नाही मिळाला तर गठ्ठ्यातला एक उचला, पाळी पुढच्याची. गठ्ठा संपल्यावर नुसतं मागणं चालू राहतं. हात रिकामा झाला तर गठ्ठ्यातला एक पत्ता घ्या.

समोरच्याकडे ‘प्रथिनं तयार करणे’ असूनही तो “नाही” म्हणाला, तर दंड. मुद्दाम लपवलं की ओळखता आलं नाही, हे विचारत बसायचं नाही. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

तिन्ही पत्ते जमले की उघडे मांडा आणि तिघांना जोडणारं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत बोला. कोणीही “हरकत!” म्हणू शकतो. पाकीट फक्त तेव्हा उघडायचं.

गुण

- बरोबर तिकडी: 3
- पत्त्यावरचे शब्द जसेच्या तसे न वाचता सांगितलेलं बरोबर वाक्य: आणखी 2
- चुकीची तिकडी: उणे 2, पत्ते परत हातात
- खरी ठरलेली हरकत: 2, फुकट हरकत: उणे 1
- पत्ता असून “नाही”: उणे 2. उघडकीला येईल तेव्हा लावा, डाव संपल्यावरही.
- शेवटी हातात उरलेला प्रत्येक पत्ता: उणे 1

दहाही तिकड्या मांडल्या किंवा वेळ संपली की बेरीज करा. बरोबरी झाली तर गठ्ठा पिसून एक खुणेचा पत्ता मोठ्यानं वाचा. नाव आधी सांगेल तो जिंकला. ज्या संज्ञेवर हरकत खरी ठरली, तिची तिकडी पुढच्या डावात 3 ऐवजी 5 गुणांची.