विषय: पीएच.डी. मार्गदर्शनाबाबत विचारणा (लहान मुलांच्या बोलण्यातलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’)

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. मी मृणाल. याच वर्षी भाषाविज्ञानात एम.ए. झाले. पीएच.डी.साठी पहिल्यांदाच अर्ज करणार आहे. येत्या प्रवेशफेरीत तुमच्याकडे नवीन विद्यार्थ्यासाठी जागा आहे का, हे विचारायला लिहिते आहे.

मराठी मूल ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक कधी आणि कशावरून शिकतं, हा माझा प्रश्न आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’, हे व्याकरण सरळ आहे. मुलाच्या कानावर पडणारं ‘आपण’ मात्र तसं नसतं. आई ‘आपण आता दूध पिऊया’ म्हणते तेव्हा दूध एकट्या मुलालाच प्यायचं असतं. पाहुण्यांना ‘आपण बसा’ म्हटलं, तर त्यात बोलणारा नसतोच. (या मेलमध्ये मी ‘तुम्ही’ लिहिते आहे ते त्यामुळेच, आदर कमी म्हणून नव्हे.)

लघुप्रबंधासाठी मी अडीच ते चार वर्षांच्या ४ मुलांचं घरातलं बोलणं, एकूण ११ तास, ध्वनिमुद्रित केलं, ईलानमध्ये उतरवलं आणि सर्वनामं मोजली. प्रबंध सादर केल्यावर तुमचा गाळलेल्या कर्त्यांवरचा लेख वाचला आणि माझी चूक कळली. ‘जाऊया’ या रूपातच ऐकणारा धरलेला असतो. ‘आम्ही जाऊया’ कुणी म्हणत नाही. सर्वनामाशिवाय आलेली ही रूपं मी मोजलीच नव्हती. सगळ्यात लहान मुलगी एकदाही ‘आपण’ म्हणत नाही, म्हणून ‘हा फरक अजून आलेला नाही’ असं लिहून मी मोकळी झाले होते. पुन्हा ऐकलं तर ती आईला ‘खेळूया, खेळूया’ म्हणून विनवत होती.

म्हणजे फरक आधी क्रियापदात येतो आणि सर्वनामात नंतर? की ‘खेळूया’ हा तिने अख्खा उचललेला शब्द आहे? या दोन शक्यता वेगळ्या कशा करायच्या, इथे मी अडले आहे. त्यासाठी आकलनाचे प्रयोग लागतील असं वाटतं. ते मी कधी केलेले नाहीत, आणि संख्याशास्त्रही जेमतेम येतं. दोन्ही शिकायची तयारी आहे.

पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले आहे, पण पाठ्यवृत्ती मिळालेली नाही. तुमच्या एखाद्या प्रकल्पात संशोधन साहाय्यकाचं काम असेल तर तेही कळवावं. शिवाय, प्रवेश परीक्षेआधी मार्गदर्शकांची संमती लागते की नंतर, हे विभागाच्या माहितीपत्रकावरून मला उलगडलं नाही.

सोबत दोन पानी संशोधन आराखडा, माझा परिचय आणि मुलांची नावं काढून टाकलेला लिप्यंतराचा नमुना जोडला आहे. वेळ कमी असेल तर नमुन्याचं तिसरं पान तेवढं पाहावं. ‘खेळूया’ तिथे आहे. सध्या जागा नसेल तर तसं एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

आपली नम्र,
मृणाल